सगळं नियमानुसार लिहूनही नापास: एका छोट्या फर्मने आरएफपीचं गुणांकन कसं उलगडलं

पार्श्वभूमी

ही फर्म चौदा जणांची. जुन्या नोंदवह्या आणि कागदपत्रं स्कॅन करणं, त्यांची अनुक्रमणिका तयार करणं आणि सगळं शोधता येईल अशा स्वरूपात ग्राहकाच्या हाती देणं, हे त्यांचं काम. दोन भागीदार, एक कामकाज प्रमुख आणि बाकीची स्कॅनिंग व नोंदी करणारी मंडळी. कामाचा दर्जा चांगला. एकदा आलेला ग्राहक बहुधा परत येतो. पण मोठ्या संस्थांच्या आरएफपीला, म्हणजे कामासाठी प्रस्ताव मागवणाऱ्या दस्तऐवजाला, उत्तर देण्याचा अनुभव फारसा नव्हता. याआधी दोनदा प्रस्ताव दिले होते आणि दोन्ही वेळा तांत्रिक टप्प्यातच बाद झाले होते. बाद का झालो, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

या वेळची आरएफपी एका सार्वजनिक संस्थेची होती. बांधीव नोंदवह्यांचा मोठा साठा नऊ महिन्यांत स्कॅन करायचा, प्रत्येक नोंदीची अनुक्रमणिका करायची आणि शेवटी संस्थेच्या कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवायची. प्रस्ताव दोन लिफाफ्यांत द्यायचा होता. आधी तांत्रिक लिफाफा उघडणार आणि त्यात किमान गुण मिळवणाऱ्यांचाच आर्थिक लिफाफा उघडणार. हातात साधारण पाच आठवडे होते.

प्रस्तावाला आकार द्यायला मदत करावी म्हणून त्यांनी मला बोलावलं. फर्म ओळखू येईल असे तपशील इथे गाळले आहेत आणि किमती प्रमाणात मांडल्या आहेत. गुण आणि हिशोब मात्र जसे होते तसेच आहेत.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत थोरल्या भागीदारांनी जुन्या प्रस्तावाची प्रत पुढे ठेवली. सुरुवातीची बारा पानं फर्मचा इतिहास, यंत्रसामग्रीचे फोटो आणि ग्राहकांची यादी. गुणवत्ता तपासणीला एक परिच्छेद. "हाच पाया धरू, नवीन कामाप्रमाणे बदल करू आणि भाव दहा टक्क्यांनी खाली आणू," असं त्यांचं म्हणणं होतं.

हे म्हणणं चूक की बरोबर, ते गुणांकन वाचल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि गुणांकन एका जागी नव्हतंच. निकषांची यादी सूचनांच्या भागात होती. प्रत्येक निकषाचे गुण माहितीपत्रकात होते. 'समाधानकारक', 'चांगलं' म्हणजे किती टक्के, हे एका परिशिष्टात होतं. आणि प्रमुख व्यक्तींकडून काय अपेक्षा आहे, ते कार्यकक्षेच्या मजकुरात विखुरलेलं होतं. शिवाय सर्वसाधारण सूचनांमध्ये किमान तांत्रिक गुण ७० लिहिले होते आणि माहितीपत्रकात ७५. अशा दस्तऐवजांत माहितीपत्रक हे त्या विशिष्ट कामासाठी भरलेलं असतं आणि दोहोंत फरक पडला तर तेच ग्राह्य धरतात. इथेही तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. फर्मने ७० धरून चालायचं ठरवलं होतं.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नव्हतं. चारही ठिकाणचे तुकडे एकत्र आणून भागीदारांना आपल्या रोजच्या भाषेत वाचता येतील असं एक पान तयार करणं, हे होतं.

गुणांकन उलगडल्यावर काय दिसलं

तांत्रिक प्रस्तावाचे एकूण १०० गुण असे वाटले होते:

| निकष | गुण |
|---|---|
| तशाच कामांचा अनुभव | १५ |
| तांत्रिक पद्धत | २० |
| काम-आराखडा | १० |
| गुणवत्ता तपासणी | १० |
| प्रकल्पप्रमुख | १५ |
| अभिलेख तज्ज्ञ | १२ |
| गुणवत्ता प्रमुख | ८ |
| प्रशिक्षण व हस्तांतरण | १० |

अनुभवाचे गुण मोजणीचे होते. पूर्ण केलेल्या प्रत्येक समान कामाला ५, जास्तीत जास्त तीन कामं. बाकीचे ८५ गुण मूल्यमापन समितीच्या मतावर होते आणि त्या मताची मोजपट्टी परिशिष्टात दिली होती. अपुरं असेल तर ४० टक्के, मागणी पूर्ण करत असेल तर ७०, मागणीपेक्षा सरस असून पुराव्यानिशी दाखवलं असेल तर ८५ आणि सर्व बाबतींत उत्कृष्ट असेल तर १००.

या पट्टीवर मी बराच वेळ थांबलो, कारण प्रस्तावाचं भवितव्य इथेच ठरत होतं. समजा फर्मने प्रत्येक ठिकाणी मागितलं ते सगळं दिलं, एकही अट सोडली नाही आणि समितीने सगळीकडे 'मागणी पूर्ण करते' असा शेरा दिला. मग ८५ चे ७० टक्के म्हणजे ५९.५. फर्मची समान कामं दोन, त्यांचे १०. बेरीज ६९.५. किमान गुण ७५. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं लिहिलेला प्रस्ताव बाद.

आणि तीन कामांचे पूर्ण १५ गुण मिळाले असते तरी बेरीज ७४.५ झाली असती. अर्ध्या गुणाने तेही बादच.

धाकट्या भागीदारांनी हे आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले. "म्हणजे मागच्या दोन्ही वेळी आपण असेच गेलो असणार," त्या म्हणाल्या. मागच्या वेळी काय झालं ते आता कळायला मार्ग नव्हता, पण या वेळचं गणित समोर होतं. ही आरएफपी केवळ अटी पूर्ण करणाऱ्याला आत घेतच नव्हती. काही ठिकाणी ७० वरून ८५ वर चढल्याशिवाय आर्थिक लिफाफा उघडलाच जाणार नव्हता आणि लिफाफा उघडला नाही तर भाव कितीही उतरवला तरी तो कुणी बघणार नव्हतं.

मग त्या पानावर तीन रकाने केले. पहिल्यात आरएफपीचे शब्द, दुसऱ्यात गुण देताना समितीतला माणूस प्रत्यक्षात काय शोधेल, आणि तिसऱ्यात आपण काय दाखवणार व कुठल्या पानावर. उदाहरणार्थ गुणवत्ता तपासणीच्या ओळीत आरएफपी म्हणत होती, 'निविदाकाराने गुणवत्ता हमीची पुरेशी व्यवस्था मांडावी.' दुसऱ्या रकान्यात लिहिलं: किती पानं तपासता, कोण तपासतं, चूक सापडली तर काय करता, आणि हे तुम्ही याआधी खरंच केलं आहे याचा कागद. तिसऱ्या रकान्यात त्या दिवशी काहीच लिहिता आलं नाही. तो रिकामा चौकोन बघून कामकाज प्रमुख उठल्या आणि मागच्या कामाची तपासणी वही घेऊन आल्या. रोजच्या तारखा, गठ्ठ्यांचे क्रमांक, तिरकी आलेली पानं, कापले गेलेले समास, पुन्हा स्कॅन केल्याच्या सह्या. ८५ टक्क्यांना लागणारा पुरावा कपाटातच होता. जुन्या प्रस्तावांत तो कधी आलाच नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय प्रस्तावच न देण्याचा. तो आम्ही मनापासून तपासला. प्रस्ताव लिहायला पाच आठवडे कामकाज प्रमुखांचा निम्मा वेळ जाणार होता आणि छोट्या फर्ममध्ये त्याची झळ चालू कामांना बसते. पण पात्रतेच्या अटी, म्हणजे नोंदणी, उलाढाल, किमान एक पूर्ण काम, फर्म एकटीने पूर्ण करत होती. शिवाय मतावरच्या ८५ गुणांपैकी बऱ्याच ठिकाणी चढायला वाव दिसत होता. पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय एका मोठ्या कंपनीबरोबर संयुक्त प्रस्ताव देण्याचा. त्यांच्याकडे समान कामं भरपूर होती, म्हणजे अनुभवाचे १० चे १५ झाले असते. पण त्या कंपनीला प्रमुख भागीदार व्हायचं होतं आणि प्रकल्पप्रमुख त्यांचा हवा होता. त्यांचा माणूस मुख्यतः सुट्या कागदांच्या कामांतला होता, बांधीव वह्यांचा नव्हे. पाच गुण मिळवायला जाऊन प्रकल्पप्रमुखाच्या १५ आणि तांत्रिक पद्धतीच्या २० गुणांवरचा ताबा सोडावा लागला असता. तिला केवळ उपकंत्राटदार म्हणून घेण्यातही अर्थ नव्हता, कारण उपकंत्राटदाराचा अनुभव निविदाकाराच्या खात्यात धरणार नाही, असं आरएफपीत लिहिलेलं होतं.

तिसरा पर्याय एकट्याने जायचं आणि तिसरं समान काम कुठून तरी उभं करायचं. फर्मने पूर्वी एक मोठं काम केलं होतं, पण दुसऱ्या कंपनीची उपकंत्राटदार म्हणून. स्वतः उपकंत्राटदार म्हणून केलेलं काम आपल्या अनुभवात धरतात का, याबद्दल आरएफपी गप्प होती.

इथे प्री-बिड प्रश्नांची, म्हणजे बोली भरण्याआधी संस्थेला शंका विचारण्याची, मुदत उपयोगी पडली. अशा प्रश्नांची उत्तरं सगळ्या इच्छुकांना जातात, त्यामुळे प्रश्नातून आपली अडचण उघडी पडणार नाही अशी भाषा ठेवावी लागते. 'आमचं एक काम उपकंत्राटाचं आहे, ते धराल का' असं न विचारता आम्ही विचारलं, 'निविदाकाराने उपकंत्राटदार म्हणून पूर्ण केलेलं काम समान काम म्हणून ग्राह्य धरण्यासाठी कोणता पुरावा लागेल?' उत्तर शुद्धिपत्रकात आलं: ग्राह्य धरू, मात्र ज्या मूळ संस्थेसाठी काम झालं तिचं प्रमाणपत्र हवं आणि त्यात निविदाकाराने केलेल्या कामाची व्याप्ती व किंमत नमूद हवी.

एकट्याने जायचं ठरलं. ७५ पर्यंतचं अंतर ५.५ गुणांचं होतं. प्रमाणपत्र आलं तर त्यातले ५ गुण आयतेच भरून निघाले असते, पण त्यावर विसंबून राहायचं नाही असंही त्याच बैठकीत ठरलं.

प्रस्तावाला आकार कसा दिला

७० वरून ८५ वर चढल्यावर प्रत्येक निकषात किती मिळतं, ते आधी काढलं. तांत्रिक पद्धतीत ३ गुण, प्रकल्पप्रमुखात सव्वादोन, अभिलेख तज्ज्ञात १.८, काम-आराखडा, गुणवत्ता तपासणी आणि प्रशिक्षण यांत दीड-दीड, गुणवत्ता प्रमुखात १.२. सगळीकडे जोर लावायला माणसं नव्हती. म्हणून चार जागा निवडल्या: तांत्रिक पद्धत, प्रकल्पप्रमुख, अभिलेख तज्ज्ञ आणि गुणवत्ता तपासणी. काम-आराखडा आणि प्रशिक्षण नीट पण साधेपणाने लिहायचं. इतिहासाची बारा पानं दीड पानावर आली. अनुभवाचे गुण मोजून मिळणार होते, तिथे शब्द वाढवून एकही गुण वाढणार नव्हता.

तांत्रिक पद्धतीसाठी साठा प्रत्यक्ष पाहणं गरजेचं होतं. आरएफपीत जागेला भेट द्यायची मुभा होती, सक्ती नव्हती. कामकाज प्रमुख आणि मी गेलो. कपाटं उघडून पाहिल्यावर लक्षात आलं की बऱ्याच वह्यांची शिवण इतकी आवळलेली आणि कागद इतका ठिसूळ आहे की त्या सपाट उघडल्या तर पाठ फुटेल. साध्या सपाट काचेच्या स्कॅनरवर त्या पालथ्या दाबता येणार नव्हत्या. त्यामुळे प्रस्तावात वह्यांचे दोन गट केले. सुस्थितीतल्या वह्या वरून चित्र घेणाऱ्या स्कॅनरवर, आणि नाजूक वह्या इंग्रजी व्ही आकाराच्या पाळण्यावर, म्हणजे वही अर्धवटच उघडायची आणि दोन्ही बाजूंची पानं दोन कॅमेऱ्यांनी टिपायची. दुसऱ्या गटाचा वेग कमी, म्हणून काम-आराखड्यात त्याला वेगळा वेळ. हे परिच्छेद भेटीत पाहिलेल्या गोष्टींवरून लिहिलेले होते आणि ते तसे वाचलेही जात होते.

गुणवत्ता तपासणीत मागच्या कामाच्या तपासणी वहीतली दोन पानं ग्राहकाची ओळख झाकून जोडली आणि नियम सरळ शब्दांत लिहिला. ५०० पानांचा एक गठ्ठा, त्यातली ५० पानं कुठलीही उचलून तपासायची, एकापेक्षा जास्त पान सदोष निघालं तर अख्खा गठ्ठा पुन्हा. अनुक्रमणिकेच्या नोंदी दोन जणांनी स्वतंत्रपणे भरायच्या, संगणकाने दोन्ही ताडून पाहायच्या आणि जिथे फरक पडेल तिथे तिसऱ्या व्यक्तीने मूळ पान बघून निर्णय द्यायचा.

सगळ्यांत अवघड निर्णय प्रकल्पप्रमुखाचा होता. थोरले भागीदार स्वतःचं नाव द्यायचं धरून बसले होते आणि ते स्वाभाविकही होतं, फर्म त्यांनी उभी केली होती. पण प्रमुख व्यक्तींच्या गुणांची आतली वाटणी अशी होती: शिक्षणाला २० टक्के, त्याच भूमिकेतल्या समान कामाच्या अनुभवाला ६०, आणि नोंदींची भाषा व लिपी येण्याला २०. भागीदारांचा एकूण अनुभव मोठा, पण दोन्ही समान कामांत रोजची सूत्रं कामकाज प्रमुखांच्या हाती होती आणि पूर्णत्वाच्या दाखल्यांवर समन्वयक म्हणून नावही त्यांचंच होतं. ६० टक्क्यांचा पुरावा त्यांच्या बाजूने होता. ती वाटणी भागीदारांनी दोनदा वाचली आणि कामकाज प्रमुखांकडे वळून म्हणाले, "तुमचं नाव लिहा. मी मागे आहेच."

त्यांचा सीव्ही मात्र नव्याने लिहावा लागला. जुन्यात होतं, 'स्कॅनिंग विभागाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली.' नव्यात प्रत्येक कामाखाली भूमिका, कालावधी, हाताखालची माणसं, वह्यांचा प्रकार आणि दाखल्याचा परिशिष्ट क्रमांक आला. समितीतल्या माणसाला त्याच्या पत्रकावरच्या प्रत्येक चौकोनासाठी एक ओळ सापडायला हवी, एवढाच हेतू. भूमिका फुगवून लिहिणं आम्ही कटाक्षाने टाळलं. दाखल्याशी न जुळणारी एक ओळ सापडली तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

अभिलेख तज्ज्ञ आणि किंमत

फर्ममध्ये अभिलेख शास्त्र शिकलेलं कुणी नव्हतं. घरचाच एक अनुभवी सहकारी त्या जागी दाखवावा, असा एक विचार होता. त्याला 'अपुरं', म्हणजे ४० टक्के मिळाले असते, १२ पैकी ४.८. बाहेरून तज्ज्ञ घेतला तर ८५ टक्के धरून १०.२. फरक ५.४ गुणांचा. पण त्या मानधनाने किंमत चार टक्क्यांनी वाढणार होती आणि भागीदारांना भाव वाढवायचा नव्हता, उतरवायचा होता.

तेव्हा अंतिम गुणांचं सूत्र समोर ठेवलं:

```
आर्थिक गुण = १०० × (सर्वात कमी किंमत ÷ आपली किंमत)
अंतिम गुण  = (तांत्रिक गुण × ०.७०) + (आर्थिक गुण × ०.३०)
```

आपली किंमत १०० आणि सर्वात कमी बोली ८० आहे असं धरू. आपले आर्थिक गुण ८०, अंतिम बेरजेत त्यांचा वाटा २४. किंमत १०४ केली तर वाटा २३.०८ होतो. तज्ज्ञामुळे गमावले ०.९२. त्याच तज्ज्ञामुळे मिळालेले ५.४ तांत्रिक गुण अंतिम बेरजेत ३.७८ होतात. शिवाय त्याच्याशिवाय ७५ गाठणं जवळपास अशक्य होतं. हा निर्णय लगेच झाला.

भाव दहा टक्क्यांनी उतरवण्याचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा निघाला. १०० चे ९० केले तर वाटा २४ वरून २६.६७ होतो, म्हणजे २.६७ गुणांचा फायदा. तेवढाच फायदा साधारण ३.८ तांत्रिक गुण वाढवून मिळतो. दहा टक्के सोडणं म्हणजे फर्मचा नफा आणि अडीअडचणीची तरतूद दोन्ही सोडणं, कारण मिळून ती साधारण तेवढीच होती. आणखी एक गोष्ट सूत्रात लपलेली असते. आपणच सर्वात स्वस्त असू तर आपले आर्थिक गुण आधीच १०० असतात. त्यानंतर भाव उतरवून आपले गुण वाढत नाहीत, फक्त इतरांचे थोडे घटतात.

भागीदारांनी भाव तज्ज्ञाच्या मानधनासह आहे तसाच ठेवला. नाजूक वह्यांचं प्रमाण पाहता अडचणीची तरतूद काढून टाकणं त्यांना धोक्याचं वाटलं आणि मलाही तेच योग्य वाटलं.

निकाल

पाच प्रस्ताव आले. दोन तांत्रिक टप्प्यात ७५ च्या खाली राहिले. आमच्या फर्मला ७९.५५ मिळाले: तांत्रिक पद्धत १७, गुणवत्ता तपासणी पूर्ण १०, प्रकल्पप्रमुख १२.७५, अभिलेख तज्ज्ञ १०.२. काम-आराखडा, प्रशिक्षण आणि गुणवत्ता प्रमुख या तिन्ही ठिकाणी ७० टक्के. अनुभवाचे मात्र १०.

तिसऱ्या कामाचं प्रमाणपत्र आलं होतं. मूळ संस्थेने ते दिलंही होतं, पण त्यात फर्मने केलेल्या भागाची किंमत लिहिलेली नव्हती. दुरुस्त प्रत मागवायला वेळ उरला नव्हता. समितीने ते काम धरलं नाही.

सर्वात कमी किंमत १०० मानली तर अंतिम चित्र असं होतं:

| प्रस्ताव | तांत्रिक | किंमत | अंतिम गुण |
|---|---|---|---|
| पहिला | ८८.०० | १२६ | ८५.४१ |
| आमची फर्म | ७९.५५ | १०८ | ८३.४६ |
| तिसरा | ७५.५० | १०० | ८२.८५ |

फर्म दुसरी आली. काम मिळालं नाही. फरक १.९५ गुणांचा.

वेगळं काय करता आलं असतं

निकालानंतर फर्मने समितीकडे गुणांचा तपशील मागितला आणि तो लेखी मिळाला. वरचे आकडे त्यातलेच.

पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. त्या एका कागदाचे ५ तांत्रिक गुण अंतिम बेरजेत ३.५ होतात. तो पूर्ण असता तर फर्मचे ८६.९६ झाले असते आणि काम मिळालं असतं. काम झाल्यावर इतक्या काळाने मूळ संस्थेकडे पत्र लिहिलं की तिथला माणूस बदललेला असतो, फाइल शोधावी लागते आणि तो हाती असलेल्या जुन्या नमुन्यावर दाखला देऊन मोकळा होतो. शुद्धिपत्रक येताच विनंतीसोबत दाखल्याचा मसुदाच पाठवला असता, किंमत आणि व्याप्ती भरून, तर त्यांनी बहुधा तोच सही करून दिला असता.

दुसरी गोष्ट भावाची, आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. आकडे उघड झाल्यावर हिशोब केला तर सात टक्के भाव उतरवूनही फर्म थोडक्यात पुढे गेली असती. स्वतःचे आर्थिक गुण वाढले असते आणि पहिल्या प्रस्तावाशी फरक भरून निघाला असता. म्हणून थोरल्या भागीदारांचा पहिल्या दिवसाचा आग्रह बरोबर होता का? मला तसं वाटत नाही. बोली भरताना इतरांच्या किमती माहीत नसतात, आणि तांत्रिक भाग जुन्या पद्धतीने लिहिला असता तर तो उतरवलेला भाव न उघडलेल्या लिफाफ्यात पडून राहिला असता. पण नफा आणि तरतूद एकत्र धरून 'सगळं सोडायचं की काहीच नाही' असा विचार झाला, तो सुटा करता आला असता. तरतूद राखून नफ्यातले दोन-तीन टक्के सोडायचे का, असा प्रश्न स्वतंत्रपणे विचारायला हवा होता. तेवढ्याने काम मिळालं नसतं, पण प्रमाणपत्राच्या जोडीने हातात जास्त जागा राहिली असती.

तिसरी गोष्ट किरकोळ दिसते. प्रशिक्षण आणि काम-आराखडा 'साधेपणाने' लिहायचं ठरवलं, तिथे प्रत्येकी दीड गुण पडून राहिला. काम-आराखड्यात नाजूक वह्यांचा वेग मांडला होता, पण यंत्र बंद पडलं तर काय, हे नव्हतं. तपशिलाच्या पत्रात समितीने नेमकं तेच लिहिलं होतं. फर्मकडे जास्तीचा एक कॅमेरा संच कायम असतो. ते एक वाक्य लिहायचं राहिलं.

फर्ममध्ये आता एक बदल झाला आहे. काम पूर्ण झाल्यावर शेवटचं बिल देतानाच पूर्णत्वाच्या दाखल्याचा मसुदा सोबत जातो. त्यात कामाची व्याप्ती, पानांची किंवा वह्यांची संख्या, सुरुवात आणि शेवटची तारीख, फर्मने केलेल्या भागाची किंमत, प्रकल्पप्रमुखाचं नाव आणि उपकंत्राट असेल तर मूळ संस्थेच्या सहीची वेगळी जागा, एवढं आधीच छापलेलं असतं. तिसऱ्या कामाचा दुरुस्त दाखलाही त्याच नमुन्यावर मिळाला असून तो आता किमतीसह त्यांच्या फाइलमध्ये आहे.